सकाळी ताप नसतो, बाई म्हणतात पाठवा : वर्गशिक्षिकेला चिठ्ठी कशी लिहू?

केतकी_मुलुंड | बुधवार, रात्री ९.४०

मुलगी तिसरीत आहे, वजन २२ किलो. सोमवारी रात्रीपासून ताप आहे. मंगळवारी सकाळी बाईंना मेसेज केला की आज येणार नाही. त्यांनी लगेच विचारलं, "आत्ता किती आहे?" मी खरं ते सांगितलं, ९९. आज सकाळीही तोच प्रश्न आणि आज ९८.८. त्यावर उत्तर आलं, "मग ताप उतरलाय. उद्या घटक चाचणी आहे, जमलं तर पाठवा." बाई वाईट नाहीत. वर्गात ५२ मुलं, त्यात पावसाळ्यात रोज सात-आठ गैरहजर. पण त्यांना वाटतंय की मी चाचणी चुकवायला मुलीला घरी ठेवलंय, हे मला लागलंय.

मी वहीत नोंद ठेवली आहे. सगळं काखेत मोजलेलं.

सोमवार रात्री ९.१५ – १०१.६, औषध ९.३०
मंगळवार पहाटे ४.०० – १०२.२, औषध ४.१०
सकाळी ६.३० – ९९.०
११.२० – १०२.८, औषध ११.३०
संध्याकाळी ५.३० – १०३.०, औषध ५.४०
रात्री १०.५० – १०२.६, औषध ११.०० (नवऱ्याने दिलं)
रात्री १२.३० – १०२.४
बुधवार पहाटे ४.०५ – १०२.८, औषध ४.१५
सकाळी ६.३० – ९८.८
दुपारी १२.३० – १०१.९, औषध १२.४०
रात्री ८.०० – १०२.१, औषध ८.००

डॉक्टरांकडे जाऊन आलो. आज रक्त दिलंय, रिपोर्ट उद्या. ही अख्खी वही फोटो काढून पाठवू की चिठ्ठी लिहू? चिठ्ठी लिहायची तर ती भांडल्यासारखी न वाटता कशी लिहायची?

---

सदाशिव_गिरगाव | रात्री ९.५८

हे घ्या. आमच्या वेळेपासून हेच चालतंय.

"मा. वर्गशिक्षिका यांस, स.न.वि.वि. माझी पाल्य तापाने आजारी असल्यामुळे दि. ___ ते दि. ___ शाळेत उपस्थित राहू शकत नाही. तरी रजा मंजूर करावी ही नम्र विनंती."

खाली सही. संपलं.

---

केतकी_मुलुंड | रात्री १०.०४

काका, धन्यवाद. रजेचा अर्ज मी मंगळवारीच दिलाय. अडचण अशी आहे की बाईंना सकाळचा आकडा दिसतो आणि बाकीचा दिवस दिसत नाही. तो कसा दाखवायचा, हे विचारतेय.

---

भांडुपकर | रात्री १०.१५

सकाळी ९८.८ म्हणजे ताप नाहीच की हो. आमच्याकडे साधा नियम आहे. सकाळी अंग गार असेल तर डबा भरायचा, शाळेतून फोन आला तर घेऊन यायचं. आम्ही दोघं नोकरीला. प्रत्येक तापाला घरी बसलो तर वर्षाची रजा जुलैतच संपते. तुम्हाला दुखवायला लिहीत नाहीये, पण बाईंचंही अगदीच चूक नाही.

---

परळची_परिचारिका | रात्री १०.४१

वीस वर्षं बालरुग्ण विभागात आहे, म्हणून लिहिते. ताई, तुमच्या वहीत उत्तर आहे, फक्त ते चिठ्ठीत वर यायला हवं.

दोन्ही दिवशी सकाळी साडेसहाच्या आधी कधी औषध दिलंय ते बघा. ४.१० ला आणि ४.१५ ला. म्हणजे तुम्ही मोजलंत तेव्हा औषध पोटात जाऊन सव्वादोन तास झाले होते. पॅरासिटामॉलचा सगळ्यात जास्त परिणाम साधारण तेव्हाच दिसतो. शिवाय तापाचा स्वभावच असा की पहाटे-सकाळी कमी आणि संध्याकाळी चढतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळेला आल्या आणि नेमका तोच आकडा शाळेत पोचला. दुपारी परत १०२. हा "ताप उतरला" नाही, औषधाने दाबलेला ताप आहे.

म्हणून भांडुपकर, तुमच्या नियमात एक प्रश्न वाढवा. अंग गार आहे, पण शेवटचं औषध कधी दिलं? औषधाशिवाय सलग २४ तास ताप आला नाही, तरच ताप गेला असं म्हणायचं. पहाटे औषध देऊन सातच्या बसमध्ये बसवलेलं मूल साडेदहा-अकराला वर्गात तापतं. तोवर शेजारच्या दोघांना खोकून झालेलं असतं.

ताई, दोन गोष्टी विचारते. औषध किती आणि कुठल्या बाटलीतलं, हे वहीत का नाही? आणि मंगळवारी रात्री ११ ला औषध देऊनही १२.३० ला १०२.४ कसा? पहाटेच्या दोन्ही डोसांनंतर उतरलाय, तेव्हाच नाही.

---

केतकी_मुलुंड | रात्री ११.१०

तुमचं वाचून कपाट उघडलं आणि हात थरथरले.

दोन बाटल्या आहेत. रंग एकच, खोकी एकसारखी. एकीवर ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम लिहिलंय. दुसरी धाकट्याची जुनी, तिच्यावर ५ मिलीमध्ये १२५. डॉक्टरांनी हिला २५० वाल्यातलं साडेसहा मिली सांगितलंय. नवऱ्याने त्या रात्री अंधारात समोर आली ती बाटली घेतली आणि साडेसहा मिलीच मोजून दिलं, पण १२५ मधलं. म्हणजे अर्धाच डोस गेला.

मी तेव्हा त्याला म्हटलं होतं, "औषधाने उतरत नाहीये, काहीतरी मोठं आहे." रात्रभर आम्ही दोघं घाबरून जागे होतो.

---

परळची_परिचारिका | रात्री ११.२५

घाबरू नका. कमी गेलं, जास्त नाही गेलं. उलटं झालं असतं तर काळजी होती. लहान भावाला चुकून २५० वालं गेलं तर त्याला दुप्पट डोस होतो. ही चूक घराघरांत होते, कारण लोक "दीड चमचा" असं लक्षात ठेवतात.

हिशेब करून बघा. एका वेळेला किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम. २२ किलोला ३३०. २५० च्या बाटलीतलं साडेसहा मिली म्हणजे ३२५, बरोबर बसतं. १२५ च्या बाटलीतून तेवढंच दिलं तर १६२. म्हणून वहीत मिली न लिहिता मिलिग्रॅम लिहा आणि कोणी दिलं तेही लिहा. "नवऱ्याने दिलं" एवढं तुम्ही लिहिलंत म्हणूनच हे सापडलं. धाकट्याच्या बाटलीला आत्ताच रबरबँड लावा. २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत. तुमचे मंगळवारी चार झालेत, काठावर आहात.

अजून एक. रिपोर्ट येईपर्यंत आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड असलेलं काहीही देऊ नका. बऱ्याच सिरपमध्ये पॅरासिटामॉलच्या जोडीला ते असतं, नावावरून कळत नाही, मागचं बारीक अक्षर वाचावं लागतं. डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

---

चाळीतली_जाई | गुरुवार, सकाळी ७.२०

आमच्याकडे कपाळावर धरायचं ते बंदुकीसारखं यंत्र आहे. एसी टॅक्सीतून उतरून मोजलं की ९६ दाखवतं, स्वयंपाकघरात ९९. शाळेच्या गेटवरही तेच. मग काय खरं मानायचं?

---

परळची_परिचारिका | सकाळी ७.५०

जाई, कपाळाला वारा लागलेला असेल, घाम असेल तर ते फसतं. साधं डिजिटल, काख कोरडी पुसून, हात छातीला घट्ट लावून, बीप होईपर्यंत. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा-एक अंशाने कमी येतो. त्यात चूक नाही, फक्त रोज एकच जागा ठेवा आणि ती लिहा. काखेतला सकाळचा ९९ म्हणून लगेच "नॉर्मल" म्हणू नये, हा अजून एक मुद्दा.

---

शिक्षिका_विक्रोळी | दुपारी ३.३०

मी बाईंच्या बाजूने लिहिते. मी चौथीला शिकवते.

केतकीताई, वहीचा फोटो पाठवू नका. सकाळी पावणेसातला मी हजेरी, डबे, पाणी भरलेल्या वर्गातली फरशी आणि साठ मेसेज एकदम बघत असते. अकरा ओळींचा फोटो मी उघडते, सगळ्यात शेवटचा आकडा वाचते आणि बंद करते. तुमच्या बाईंनी तेच केलंय. आम्ही सकाळीच "आत्ता किती" विचारतो, ही आमची चूक आहे हे आज परिचारिकाताईंचं वाचून कळलं. मी स्वतः किती पालकांना "उतरलाय ना, पाठवा" म्हटलं असेन.

मला चिठ्ठीत चार गोष्टी हव्या असतात. कधीपासून आजारी, का येत नाही ते एका वाक्यात, परत कधी येणार ते कशावरून ठरेल आणि वर्गातल्या इतरांची काळजी घ्यायला हवी का. "बरं वाटलं की पाठवते" यातून मला काहीच कळत नाही. "औषध थांबवून २४ तास झाले की पाठवते" म्हटलंत तर मी चाचणीची दुसरी तारीख मागू शकते.

आणि कृपा करून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. गेल्या वर्षी एका आईने "डेंग्यू निघाला" असं टाकलं. दुपारपर्यंत बारा पालक मुलं न्यायला आले.

---

केतकी_मुलुंड | संध्याकाळी ६.१५

रिपोर्ट आला. डेंग्यूचा एनएस१ पॉझिटिव्ह.

चिठ्ठी लिहिली आहे, बघून सांगा.

"बाई, नमस्कार. कालच्या बोलण्यात माझ्याकडून एक गोष्ट सांगायची राहिली. मंगळवारी आणि बुधवारी सकाळी साडेसहाला ताप कमी दिसला तो पहाटे सव्वाचारला दिलेल्या औषधामुळे. दोन्ही दिवशी दुपारी तो परत १०२ च्या आसपास गेला. औषध न देता ताप नसलेला एकही दिवस अजून गेलेला नाही. आज तपासणीत डेंग्यू निघाला आहे. तो एका मुलाकडून दुसऱ्याकडे थेट जात नाही, त्यामुळे वर्गाने घाबरायचं कारण नाही, पण वर्गात, जिन्याखाली कुठे पाणी साचलंय का ते बघून घ्यावं ही विनंती. औषधाशिवाय २४ तास ताप आला नाही की पाठवीन. चाचणी नंतर घेता आली तर बरं होईल. वही हवी असेल तर दाखवते."

---

भांडुपकर | संध्याकाळी ६.४०

लवकर बरी होऊ दे. प्लेटलेट्ससाठी पपईच्या पानांचा रस द्या, आमच्या मेव्हण्याला दोन दिवसांत फरक पडला होता.

एक शंका. तुम्हीच लिहिताय की डेंग्यू एकाकडून दुसऱ्याला होत नाही. मग ताप उतरल्यावर शाळेत बसून राहायला काय हरकत? आराम तिथेही होतोच.

---

परळची_परिचारिका | रात्री ८.१०

केतकीताई, चिठ्ठी चांगली आहे, पण शेवटचा नियम बदला. २४ तासांचा नियम साध्या व्हायरल तापाला पुरतो. डेंग्यूला तो उलटा फसवतो.

डेंग्यूमध्ये जपायचे दिवस ताप उतरल्यावर सुरू होतात. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप खाली येतो आणि त्यानंतरचे २४ ते ४८ तास काही मुलांच्या रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं. अंग गार आहे, मूल तापलेलं नाही, म्हणून घरचे निश्चिंत होतात. आमच्याकडे उशिरा येणारी मुलं बहुतेक याच दिवसांतली असतात. आई सांगते, "काल तर ताप गेला होता, शाळेतही गेला होता."

तुमचा ताप सोमवारी रात्री सुरू झाला. उद्या-परवा उतरेल असा अंदाज. उतरला की वहीतला तापाचा रकाना बंद करू नका, त्याच्या शेजारी नवा काढा. लघवी किती वाजता झाली, हा सगळ्यात कामाचा. सहा तास झाली नाही तर दवाखान्यात. पोटात सतत दुखणं, पुन्हापुन्हा उलटी, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार आणि चिकट, मूल गळून पडणं किंवा उगाच चिडचिडं होणं, यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी निघायचं, सकाळची वाट बघायची नाही. ५२ मुलांच्या वर्गात हे कुणाच्या लक्षात येणार? भांडुपकर, शाळेत न पाठवण्याचं कारण हे आहे.

पपईचा रस : मी कुणाला देऊ नका म्हणून भांडत नाही, पण कडू रसाने उलटी झाली तर पाणी जातं आणि उलटी रसाची की आजाराची ते कळत नाही. त्यापेक्षा ओआरएस, नारळपाणी, पेज. आणि नुसत्या प्लेटलेट्सकडे बघू नका. सीबीसीमध्ये पीसीव्हीचा, म्हणजे रक्तात लाल पेशींचा भाग किती याचा, आकडा आधीपेक्षा वाढतोय का, ते डॉक्टरांना विचारा. प्लेटलेट्स खाली आणि तो वर, असं झालं तर रक्त घट्ट होतंय.

घरात मच्छरदाणी दिवसाही लावा. ताप असताना तिला चावलेला डास पुढे धाकट्याला चावू शकतो, आणि हा डास मुख्यतः दिवसा चावतो.

---

सदाशिव_गिरगाव | रात्री ८.३०

हे मला माहीत नव्हतं. आमच्या मजल्यावरच्या एका मुलाचं असंच झालं होतं, ताप गेल्यावर. सगळे म्हणाले अचानक झालं. वाचला, पण आठ दिवस दवाखान्यात होता.

---

चाळीतली_जाई | रात्री ९.०५

आमच्या इथे महापालिकेची माणसं आली होती, त्यांना आळ्या कुंडीखालच्या बशीत सापडल्या. गच्चीवरचा पिंप आम्ही दर आठवड्याला रिकामा करायचो, बशी कुणी बघितलीच नव्हती. केतकी, तुमच्या मुलीला नक्की शाळेतच डास चावला, असं मात्र समजू नका. फ्रिजच्या मागचा ट्रेही बघा.

---

केतकी_मुलुंड | शुक्रवार, सकाळी ७.००

पहाटेपासून झोपले नाही, पण चांगलं सांगायला आलेय. शेवटचं औषध काल दुपारी ४ ला. आत्ता साडेसहाला ९८.४. साडेचौदा तास झाले. काल ही चिठ्ठी पाठवली असती तर उद्या सकाळी मी आनंदाने तिला बसमध्ये बसवलं असतं. २४ तासांचं वाक्य खोडून आता असं लिहिलंय :

"ताप आज उतरला आहे, पण डेंग्यूमध्ये यानंतरचे दोन दिवस जास्त जपायचे असतात, म्हणून ताप नसूनही ती घरी आहे. रोज रक्ततपासणी होते आहे. डॉक्टर सांगतील त्या दिवशी येईल, तारीख आदल्या दिवशी कळवते."

जाई, ट्रेमध्ये पाणी होतं. आळ्या नव्हत्या, तरी पुसून काढला.

---

शिक्षिका_विक्रोळी | सकाळी १०.२०

"ताप नसूनही ती घरी आहे" हे वाक्य फार उपयोगाचं आहे. असं लिहिलेलं मी आजवर एकाही चिठ्ठीत वाचलेलं नाही.

डॉक्टरांचं सर्टिफिकेट मात्र शाळा मागेल, चाचणी पुन्हा घ्यायची तर ऑफिसला कागद लागतो.

---

भांडुपकर | सकाळी १०.४५

इथे माझं पुन्हा म्हणणं आहे. साध्या तीन दिवसांच्या तापाला सर्टिफिकेट का? त्या कागदासाठी बरं झालेलं मूल दवाखान्यात तासभर खोकणाऱ्यांच्या रांगेत बसवायचं आणि फी वेगळी. कागद मागतात म्हणूनच लोक औषध देऊन पाठवतात. मी पाठवतो त्याचं हे एक कारण आहे, खोटं कशाला सांगू.

---

शिक्षिका_विक्रोळी | सकाळी ११.०५

मान्य. पण कागद नाही मागितला तर चाचणीच्या दिवशी अर्धा वर्ग आजारी पडतो, हेही मी पाहिलंय. माझ्याकडे याचं उत्तर नाही. अशी वही समोर आली तर मी तरी ती चालवून घेईन. मुख्याध्यापिका घेतील का, सांगता येत नाही.

---

केतकी_मुलुंड | सोमवार, रात्री ९.१५

शनिवारी प्लेटलेट्स ८४ हजारांवर आल्या, पीसीव्ही वाढला नाही. दुपारी पोटात दुखतंय म्हणाली आणि साडेपाच तास लघवी नव्हती. वहीत लिहिलेलं होतं म्हणून कळलं, नाहीतर मला वाटलं असतं सकाळी झाली असेल. निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात झाली. तरी डॉक्टरांना दाखवून आलो. रविवारी आकडा ९७ हजार, आज १ लाख ४० हजार. आज जेवण मागितलं, वरण-भात आणि वर लिंबू.

डॉक्टरांनी बुधवारपासून शाळा सांगितली आहे, आठवडाभर खेळाचा तास नाही. बाईंना तसं कळवलं. त्यांचं उत्तर : "चाचणी शुक्रवारी तिसऱ्या तासाला घेईन. जिन्याखालचे दोन टब रिकामे करून घेतले."

---

भांडुपकर | मंगळवार, सकाळी ६.२५

परिचारिकाताई आहेत का? मुलाला काल रात्रीपासून ताप. आत्ता काखेत ९९.२. पहाटे पावणेचारला औषध दिलंय, १२५ वालं, वजन १९. बस ६.५० ला आहे.

---

परळची_परिचारिका | सकाळी ६.३१

बसला नाही सांगा. किती मिली दिलं ते लिहा.